बसवाल्याला कळतं, मला का नाही?

चाकणच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं शिफ्ट इनचार्ज होतो. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. पुढच्या आठवड्यात कोण कोणत्या शिफ्टला येणार, ही यादी मी करायचो. त्यामुळे "आम्हाला ऐनवेळी सांगतात" ही तक्रार मी टेबलाच्या पलीकडून ऐकली आहे, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं ती नुसती ऐकून सोडून दिली आहे. मला ती ऐकायला लावली वेल्डिंग लाइनवरच्या एका ऑपरेटरने. त्याने ते कसं केलं, ते इथे सांगतो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं त्यात काहीतरी आहे, असं मला वाटतं.

आधी यादी कशी बनते ते पाहू, कारण ते माहीत नसल्यामुळेच बहुतेक मागण्या चुकीच्या वेळी आणि चुकीच्या शब्दांत होतात. आमच्याकडे फर्स्ट साडेसहा ते तीन, सेकंड तीन ते साडेअकरा आणि नाईट साडेअकरा ते साडेसहा. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना असते तशी. म्हणजे नवा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि शिफ्टचं चक्र तिथे फिरतं. हे चक्र सगळ्यांना तोंडपाठ असतं. आज सेकंडला असलेला माणूस पुढच्या शुक्रवारी नाईटला जाणार, हे त्याच्या पोरांनाही माहीत असतं.

अडचण चक्र मोडतं तेव्हा होते. गाडी बनवणारी मोठी कंपनी महिन्याचा अंदाज देते, पण पक्की मागणी आठवड्यापुरतीच देते. ती उतरली की नाईट बंद करून माणसं दोन शिफ्टमध्ये वाटली जातात. चढली की बंद केलेली नाईट पुन्हा सुरू होते. आमच्याकडे हा निर्णय सोमवारी अकराच्या प्लॅनिंग मीटिंगमध्ये व्हायचा. मंगळवारी मी मॅनपॉवरचा मेळ घालायचो आणि संध्याकाळी पाचपर्यंत दोन याद्या बाहेर पाठवायचो. एक बसच्या ठेकेदाराला, कारण कोणत्या रूटवर किती माणसं चढणार हे कळल्याशिवाय तो गाड्या लावू शकत नाही. दुसरी कॅन्टीनवाल्याला, कारण रात्रीचं जेवण किती ताटांचं ते त्याला ठरवायचं असतं. नोटीस बोर्डावरची यादी मात्र बुधवारी, तीही हाताला वेळ मिळाला की. कित्येकदा ती लागायची तेव्हा फर्स्टचे लोक घरी गेलेले असायचे. गुरुवारी सुट्टी. मग मंडळी एकमेकांना फोन करून विचारायची, "उद्या मी कुठं आहे रे?"

माणसाच्या आधी त्याच्या ताटाला शिफ्ट कळायची. नऊ वर्षांत मला हे कधी खटकलं नव्हतं.

आता त्या ऑपरेटरकडे येऊ. त्याच्या आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. एका वेळी चार तास. डायलिसिस सेंटरवर मशिनं मोजकी आणि पेशंट भरपूर, म्हणून प्रत्येकाची बॅच ठरलेली असते. चुकलेली फेरी दुसऱ्या दिवशी करू म्हणायची सोय सहसा नसते, आणि फेरी लांबली तर अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, ते जिवावर बेतू शकतं. शिवाय मशिनवरून उठल्यावर रक्तदाब खाली येतो, माणूस गळून जातो. म्हातारीला एकटीला रिक्षात बसवून देता येत नाही. त्याची बायको अंगणवाडीत, तिच्या सकाळी अडकलेल्या. म्हणजे हा सेकंडला असला तर सकाळी आठची बॅच जमायची. नाईटहून सुटला की तसाच झोपेविना आईला घेऊन जायचा. फर्स्टला असला तर संध्याकाळी पाचची बॅच मागून घ्यावी लागायची, आणि सेंटरचा नियम होता की बॅच बदलायची तर दोन दिवस आधी सांगा.

आता जुळवून बघा. आमची यादी बुधवारी संध्याकाळी, आणि शुक्रवारची बॅच बदलायची मुदत बुधवारी सकाळीच संपलेली. म्हणजे अर्ध्या दिवसासाठी त्याचं घर दर वेळी कोलमडत होतं. पण हे गणित त्यालाही सुरुवातीला असं लख्ख दिसलं नव्हतं. तो पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा वेळ होती दुपारी तीनची, शिफ्ट बदलण्याची. एका शिफ्टचा हिशेब घेणं, दुसरीची माणसं मोजणं, मध्येच कुणी तरी गन चिकटली म्हणून ओरडतोय. तो म्हणाला, "साहेब, नेहमी ऐनवेळी सांगता, घरी फार त्रास होतो." मी म्हणालो, "सगळ्यांनाच घरदार आहे." विषय संपला. त्याच्या बोलण्यात मी करू शकेन असं काहीच नव्हतं, आणि 'नेहमी' हा शब्द ऐकला की इनचार्ज आपोआप आपली बाजू मांडायला लागतो. हेही मला नंतर कळलं.

दीड महिन्याने तो पुन्हा आला. शनिवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, जेव्हा माझं डोकं जरा थाऱ्यावर असतं. "साहेब, दहा मिनिटं पाहिजेत, आज नसेल तर उद्या चालेल." हातात पोराची अर्धी वापरलेली वही. तिच्यात त्याने सहा आठवडे एकच गोष्ट लिहिली होती. शिफ्ट कधी बदलली, त्याला कधी कळलं, आणि कारण काय सांगितलं. मोजून सात नोंदी.

आम्ही त्या एकेक वाचल्या. एकदा डाय तुटला होता आणि लाइन त्याच दिवशी बंद करावी लागली होती. हे मला स्वतःला तासभर आधी माहीत नव्हतं, तर त्याला काय सांगणार? दोनदा दुसरा कुणी गैरहजर राहिला म्हणून याला आदल्या रात्री फोन करून बोलावलं होतं. तेही आधी कळण्यासारखं नव्हतं. उरलेल्या चार वेळा नाईट बंद झाली होती किंवा चालू झाली होती, म्हणजे सोमवारच्या मीटिंगमधलाच निर्णय. त्या चारही वेळा त्याला बुधवारी रात्री किंवा गुरुवारी कळलं होतं. मग तो म्हणाला, "या चार आठवड्यांत बसची यादी मंगळवारीच गेली होती. मी ड्रायव्हरला विचारलं."

मला यावर काही बोलता येईना.

या वहीत जे होतं तेच माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. वरिष्ठ जेव्हा म्हणतो की "आधी सांगणं शक्यच नाही", तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात डाय तुटलेला दिवस असतो, कारण तोच लक्षात राहतो. बोलणाऱ्याच्या डोक्यात मात्र बुधवारची यादी असते. दोघं वेगवेगळ्या बदलांबद्दल भांडत असतात. काही बदल कुणालाच आधी कळत नाहीत. काही बदल ऑफिसात कळलेले असतात, पण खाली उतरायला दोन दिवस लावतात. मागणी फक्त दुसऱ्या प्रकाराबद्दल करायची, आणि ते बदल कोणते हे शोधून काढायला चार-सहा आठवड्यांची नोंद लागते. नोंद त्याच दिवशी करायची. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीत सगळे बदल 'ऐनवेळी'च झालेले दिसतात.

हे काही चाकणपुरतं नाही. अमेरिकेत जोन विल्यम्स, सुझन लॅम्बर्ट आणि सरवणन केशवन या संशोधकांनी कपड्यांच्या एका मोठ्या साखळीच्या दुकानांत कामाच्या वेळापत्रकाचा अभ्यास केला होता, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. दुकानातल्या वेळा अस्थिर होण्यामागे गिऱ्हाइकांच्या लहरींपेक्षा मुख्य कार्यालयातून उशिरा किंवा चुकीची येणारी माहिती जास्त होती, असं त्यांना दिसलं. माल कधी येणार, सवलतीची जाहिरात कधी बदलणार, साहेब लोक कधी भेट देणार. तिकडे काही ठिकाणी यावर कायदाच झाला. ओरेगन राज्यात मोठ्या दुकानांना आणि हॉटेलांना जुलै २०१८ पासून वेळापत्रक सात दिवस आधी, आणि जुलै २०२० पासून चौदा दिवस आधी द्यावं लागतं. त्यानंतर मालकाने बदल केला तर कामगाराला त्याचे जादा पैसे मिळतात.

आपल्याकडे काय? लोक समजतात त्यापेक्षा थोडं जास्त आहे, आणि हवं त्यापेक्षा बरंच कमी. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कामाच्या वेळांची सूचना फलकावर लावणं सक्तीचं होतं. एकाहून जास्त माणसांनी रेटून सांगितलं की मालक ते करतात, असं नव्हे, तर ती कायद्याचीच अट होती. स्त्री कामगारांची शिफ्ट सुट्टीनंतरच बदलता येईल, असंही त्यात कलम होतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात अशी तरतूद होती की स्थायी आदेशांना सोडून शिफ्टची पद्धत सुरू करायची, बदलायची किंवा बंद करायची असेल तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, तरी वेळांच्या फलकाची आणि २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद त्यांत राहिली आहे.

पण नीट वाचलं तर मेख दिसते. 'स्थायी आदेशांना सोडून' हे शब्द महत्त्वाचे. बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांतच लिहिलेलं असतं की कामगाराची एका शिफ्टमधून दुसरीत बदली करता येईल. म्हणजे कारखान्याच्या शिफ्टच्या वेळा काय, यावर कायद्याचं लक्ष आहे. त्या वेळांत या शुक्रवारी तुम्ही कुठे, यावर नाही. ते इनचार्जच्या हातात. म्हणून इथे कलम दाखवून उपयोग होत नाही, मागूनच घ्यावं लागतं. आपल्या कंपनीचे स्थायी आदेश एकदा वाचून ठेवावेत, हे मात्र खरं. बदलीच्या सूचनेबद्दल त्यात एखादी ओळ असली तर अर्धं काम झालं.

परत शनिवारच्या त्या दहा मिनिटांकडे. वही मिटून त्याने जे मागितलं ते असं होतं: "पुढच्या आठवड्याची यादी मंगळवारी अडीचपर्यंत बोर्डावर लागली तर मला चालेल." वेळ अडीचचीच का? तर अडीच वाजता यादी असली की तीनला सुटणारे फर्स्टवाले जाताना बघतात आणि सेकंडवाले येताना बघतात. आणि मंगळवार का, तर सेंटरला बुधवारी सकाळी सांगायचं असतं. त्याने आकडा हवेतून आणला नव्हता. घरातलं कोणतं काम सर्वात कडक आहे, ते हलवायला किती वेळ लागतो, आणि ऑफिसला ती गोष्ट कधी कळते, या तिन्हींच्या मध्ये जो दिवस बसला तो त्याने मागितला. "जरा लवकर सांगत जा" म्हणाला असता तर मी हो म्हणून मोकळा झालो असतो, आणि बुधवारी पाचऐवजी चारला यादी लावून वचन पाळलं असतं.

आईच्या आजाराबद्दल त्याने फार सांगितलं नाही. मंगळवार-शुक्रवार, बॅचच्या वेळा, दोन दिवसांचा नियम, एवढंच. हे मला तेव्हा विचित्र वाटलं, आता शहाणपणाचं वाटतं. घरचं दुखणं सविस्तर सांगितलं की ऐकणारा कळवळतो, एखाद्या वेळी सूट देतो आणि पुढच्या वेळी तुमचं नाव घेताना 'हा अडचणीचा माणूस' म्हणून कपाळाला आठी घालतो. दिवस आणि वेळ सांगितली की यादी करताना ती मांडता येते.

आणि त्याने बदल्यात काही दिलं. अचानक कुणी आलं नाही तर सोमवारी, बुधवारी किंवा शनिवारी मला आधी फोन करा, मी येईन. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र माझं नाव शेवटी धरा. गैरहजेरीचे बदल आधी कळत नाहीत हे त्याने मान्य केलं होतं, पण ते कोणावर पडावेत याची वाट काढली होती. यादी करणाऱ्या माणसाला आदल्या रात्री कुणाला फोन करायचा, हाच मोठा प्रश्न असतो. तीन दिवसांसाठी तो सुटत असेल तर दोन दिवस सोडायला त्याची हरकत नसते.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. मंगळवारी अडीचला यादी लावायची म्हणजे प्लॅनिंगवाल्यांकडून आकडे बारालाच घ्यायला हवेत, आणि ते त्यांना मान्य होईल की नाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, सोमवारच्या मीटिंगमध्ये बोलतो. इथे बहुतेकांचं गाडं अडतं. साहेब बघतो म्हणाले, आणि साहेब विसरले. त्याने त्याच संध्याकाळी मला व्हॉट्सॲपवर लिहिलं:

"नमस्कार साहेब. आज वेळ दिल्याबद्दल आभार. बोललो त्याप्रमाणे पुढच्या आठवड्याची यादी मंगळवारी अडीचपर्यंत लागण्याबद्दल आपण सोमवारी मीटिंगमध्ये विचारणार आहात. गैरहजेरीसाठी सोम, बुध, शनि मी तयार आहे. सोमवारी संध्याकाळी भेटतो."

तक्रार नाही, धमकी नाही, पण माझ्यावर तारीख पडली होती. सोमवारी मी मीटिंगमध्ये विचारलं. प्लॅनिंगवाला म्हणाला, बारा जमेल, पण दहातल्या एखाद्या वेळी आकडा फिरेल. म्हणून आम्ही यादीवर 'कच्ची' असा शिक्का मारून ती मंगळवारी अडीचला लावायची, आणि फरक पडला तर ज्याच्यापुरता पडला त्याला मी स्वतः फोन करायचा, असं ठरलं.

पुढच्या सहा आठवड्यांत बदल कमी झाले नाहीत. सहा झाले. त्यातले चार मंगळवारी कळले, दोन ऐनवेळी. त्याची आई एकदाही बॅचला चुकली नाही. एका शुक्रवारी मात्र तो बदली घेऊन गेला, म्हणजे सेकंडच्या एका जोडीदाराशी शिफ्ट अदलाबदल करून. त्याचीही एक खुबी आहे. बदलीचा माणूस तेच मशिन चालवू शकणारा हवा, बोर्डावरच्या स्किल मॅट्रिक्समध्ये त्याची पातळी तेवढी हवी. शिवाय अदलाबदल केल्यामुळे कुणाच्या अंगावर लागोपाठ दोन शिफ्ट पडत नाहीत ना, हे बघावं लागतं. असा माणूस आधीच हेरून ठेवून त्याचं नाव घेऊन जो येतो, त्याला बदली मिळते. "कुणाला तरी द्या माझ्या जागी" म्हणणाऱ्याला मिळत नाही.

दसरा-दिवाळीच्या आधी हे सगळं ढेपाळलं. गाड्यांची मागणी त्या दिवसांत उसळते, आकडे रोज फिरतात. यादी तीन आठवडे बुधवारी लागली, आणि 'कच्ची' या शिक्क्याची मला सवय झाली. काहीही बदललं तरी "कच्चीच होती की" म्हणायला मोकळा. माझी ही पळवाट मला कशी समजली? तो दर मंगळवारी अडीचला बोर्डाचा फोटो काढायचा, वेळेसकट. तीन फोटोंत रिकामा बोर्ड होता. त्याने ते दाखवले, एवढंच. एव्हाना लाइनवरच्या आणखी तिघांची कामं त्या यादीवर बेतलेली होती. एकीचं मूल पाळणाघरात, एकाची बायको रात्रपाळीची नर्स. चौघं मिळून आले तेव्हा ती एका माणसाची सवलत राहिली नव्हती. मोठ्या कारखान्यात याच टप्प्यावर विषय वर्क्स कमिटीत न्यावा, तिथे त्याची लेखी नोंद होते.

एका गोष्टीत मात्र मी काहीच करू शकलो नाही. आमच्याकडे निम्मी माणसं ठेकेदाराची होती. त्यांची नावं माझ्या यादीत नसायची, नुसता आकडा असायचा, 'ठेका १८'. त्यातले अठरा कोण, हे ठेकेदाराचा सुपरवायझर रात्री फोनवर ठरवायचा. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं की आमचंही मंगळवारी कळेल का. मी तिला ठेकेदाराकडे पाठवलं. ती गेली नाही, आणि का गेली नाही ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून बोलावणंच येणार नाही अशी भीती असली की कुणी वही घेऊन दहा मिनिटं मागत नाही. तिच्यासाठी एवढं करता आलं असतं की अठराचा आकडा मी ठेकेदाराला मंगळवारीच कळवला असता आणि नावं मागितली असती. ते मला तेव्हा सुचलं नाही.

पुढे माझी बदली दुसऱ्या प्लांटला झाली. माझ्या जागी आलेला इनचार्ज तरुण होता, हुशार होता, आणि पहिल्याच आठवड्यात यादी त्याने बुधवारी संध्याकाळी लावली. त्याच्यापाशी गेलेल्या चौघांना तो म्हणाला की आधी कळणं शक्यच नसतं. ते त्यानेच मला नंतर सांगितलं, जरा वैतागून. म्हणाला, "त्यांनी मला काय विचारलं माहीत आहे का? म्हणाले, साहेब, बसची यादी गेली का?"